अकरा गावं पुणे मनपात आली, तेवीस बाहेर राहिली: धोरणाचा परिणाम ‘फरकातल्या फरका’ने कसा मोजायचा

ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत अकरा गावं आली: लोहगाव, मुंढवा, हडपसर आणि धायरीचे उर्वरित भाग, शिवणे, उत्तमनगर, आंबेगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक, उंड्री, फुरसुंगी आणि उरुळी देवाची. त्यानंतर फ्लॅट शोधणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर एक वाक्य पडू लागलं, ‘आता मनपात आलंय, भाव वाढणारच.’ भाव वाढलेही. पण समावेशामुळे किती वाढले आणि एरवीही वाढलेच असते असे किती, हे नुसतं आधी-नंतर पाहून कळत नाही.

हे वेगळं काढण्याची रूढ पद्धत म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्सेस, थोडक्यात डीआयडी. धोरण लागू झालेल्या गटात आधी आणि नंतर किती बदल झाला ते पाहायचं, धोरण लागू न झालेल्या गटात त्याच काळात किती बदल झाला ते पाहायचं, आणि पहिल्या बदलातून दुसरा वजा करायचा. गणित एवढंच आहे. खरं काम वजाबाकीच्या आधी आणि नंतर असतं, म्हणून या लेखात एकच प्रश्न धरून शेवटपर्यंत जाऊ: २०१७ च्या समावेशाने त्या गावांतल्या फ्लॅटचे नोंदणीकृत दर किती बदलले?

पुढे दिलेले दर आणि निकाल उदाहरणासाठी घेतलेले काल्पनिक आकडे आहेत. गावं, तारखा आणि कागदपत्रं खरी आहेत.

तुलना गट आधीच तयार आहे, पण जसाच्या तसा चालणार नाही

२०१४ मध्येच पुण्याभोवतीची ३४ गावं मनपात घेण्याची प्रारूप अधिसूचना निघाली होती. प्रकरण न्यायालयात गेलं, वर्षं गेली, शेवटी २०१७ मध्ये त्यातली अकरा घेतली आणि बाकीची टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरलं. उरलेली तेवीस गावं आत आली ती थेट जून २०२१ च्या अखेरीस: वाघोली, नऱ्हे, पिसोळी, मांजरी बुद्रुक, नांदेड, खडकवासला, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक वगैरे.

अभ्यासकाच्या दृष्टीने ही तेवीस गावं मोलाची आहेत. तीही शहराला खेटून होती, तीही शासनाच्या त्याच यादीत होती, फक्त त्यांचा नंबर नंतर लागला. पुणे जिल्ह्यातलं कुठलंही गाव तुलनेला घेण्यापेक्षा ही निवड कितीतरी चांगली. वेल्ह्याच्या डोंगरातल्या गावाशी उंड्रीची तुलना करून काही हाती लागत नाही.

तरी दोन गोष्टी आधीच वहीत लिहून ठेवा. पहिली अशी की अकरा गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत. लोहगाव, मुंढवा, हडपसर, धायरी यांचा काही भाग आधीपासूनच मनपात होता, म्हणजे शहर त्यांच्या अंगणात पोचलेलंच होतं. डीआयडीला दोन गटांची पातळी वेगळी असलेली चालते. पहिल्या गटात दर जास्त आणि दुसऱ्यात कमी असले तरी बिघडत नाही, कारण तो फरक वजाबाकीत निघून जातो. अडचण तेव्हा येते, जेव्हा अकरा गावं त्यांच्या वाढीच्या वेगामुळे निवडली गेली असतील. पातळीतला फरक पुसला जातो, वेगातला फरक निकालात तसाच शिल्लक राहतो.

दुसरी गोष्ट अशी की तुलना गटातली गावं वाऱ्यावर नव्हती. २०१५ पासून तिथे पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण होतं. बांधकाम परवानगी त्याच्याकडून मिळत होती आणि गावचा रोजचा कारभार ग्रामपंचायत पाहत होती. म्हणजे आपण ‘मनपा विरुद्ध काहीच नाही’ असं मोजत नाही, तर ‘मनपा विरुद्ध ग्रामपंचायत अधिक पीएमआरडीए’ असं मोजतो. शिवाय ३४ गावं २०१४ पासून यादीत होती, त्यामुळे ‘आज ना उद्या आत जाणार’ ही आशा दोन्हीकडच्या दरांत आधीच मिसळलेली होती. ती आशा वजाबाकीत उडून जाते. उरतो तो ‘आत्ता आत गेल्याचा’ परिणाम, ‘नंतर कधीतरी जाऊ’च्या तुलनेत. निकाल छोटा आला तर त्याचं एक कारण हे असू शकतं, म्हणून हे वाक्य अहवालात गेलंच पाहिजे.

कोणता आकडा मोजायचा

पाणी, कचरा, रस्ते हे मोजावंसं वाटतं, आणि रहिवाशांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. पण इथे एक अडचण आहे. समावेशापूर्वी ही नोंद ग्रामपंचायत ठेवत होती, नंतर मनपा ठेवू लागली. नोंद ठेवणारा बदलला की मोजमापही बदलतं, आणि नेमकं एकाच गटात, नेमकं धोरणाच्या तारखेला. मग निकालात धोरणाचा परिणाम किती आणि नव्या रजिस्टरचा किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पहिला अभ्यास अशा आकड्यावर करा ज्याची नोंद धोरणाने बदलत नाही.

खरेदीचे दस्त दोन्ही गटांत, दोन्ही काळांत राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडेच नोंदले जातात. त्या दस्ताची सूची क्रमांक २, जिला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त करून दिल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख असते. आपल्याला मोबदला भागिले क्षेत्रफळ हवं.

या कागदात चार ठिकाणी जपायला लागतं. तारीख घेताना नोंदणीची घेऊ नका, दस्त करून दिल्याची घ्या. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो, त्यामुळे डिसेंबर २०१७ मध्ये नोंदवलेला दस्त ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये ठरलेला असू शकतो. बाजारभाव हा रकाना सोडून द्या, तो वार्षिक बाजारमूल्य दरातून, म्हणजे रेडीरेकनरमधून येतो. हद्द बदलली की रेडीरेकनरचा विभागही बदलू शकतो, आणि मग सरकारी तक्त्यातला बदलच तुम्ही धोरणाचा परिणाम म्हणून मोजाल. मोबदल्यातही ही लागण थोडी असते, कारण काही दस्तांत मोबदला रेडीरेकनरला चिकटवून लिहिलेला असतो. मोबदला आणि बाजारभाव तंतोतंत सारखे असलेले दस्त वेगळे काढून, त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय असं दोनदा गणित करा.

क्षेत्रफळाचं दुखणं जास्त खोल आहे. मे २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं आणि नव्या प्रकल्पांत क्षेत्र कार्पेट लिहिणं सार्वत्रिक झालं, जुन्या दस्तांत बिल्टअप लिहिलेलं सापडतं. त्याच फ्लॅटचं क्षेत्र कमी लिहिलं गेलं की दर आपोआप वाढलेला दिसतो. हे दोन्ही गटांत सारखं घडलं असेल तर वजा होईल. पण उंड्रीत नवे प्रकल्प जास्त आणि नांदेडला पुनर्विक्री जास्त, असं असेल तर होणार नाही. दस्तात कार्पेट की बिल्टअप हे वाचून एका रकान्यात लिहिण्याला पर्याय नाही. कंटाळवाणं काम आहे, पण याच टप्प्यावर अभ्यास तरतो किंवा बुडतो.

काळाची चौकट

आधीचा काळ ऑक्टोबर २०१५ ते सप्टेंबर २०१७ आणि नंतरचा ऑक्टोबर २०१७ ते सप्टेंबर २०१९, म्हणजे दोन्हीकडे आठ-आठ तिमाह्या घेऊ. पडताळणीसाठी त्याच्याही मागची दोन वर्षं हाताशी ठेवू. पुढे जायचा मोह टाळा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत राज्यात मुद्रांक शुल्कात सवलत होती, आणि जून २०२१ नंतर तर तुलना गट स्वतःच मनपात आला.

आपल्या चौकटीतही काही कमी घडलं नाही. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, मे २०१७ चं महारेरा, जुलै २०१७ चा जीएसटी. डीआयडीचं बळ इथेच आहे: दोन्ही गटांना सारखा लागलेला धक्का वजाबाकीत नाहीसा होतो. ‘सारखा’ या शब्दावर मात्र प्रत्येक वेळी थांबायचं. नोटबंदीपूर्वी ज्या भागात व्यवहाराचा मोठा भाग रोखीत होत असे, तिथे नंतर दस्तावरचा मोबदला वर येऊ शकतो, प्रत्यक्ष किंमत न वाढताही. हे प्रमाण ग्रामपंचायत हद्दीत आणि शहरालगत वेगळं असू शकतं.

वजाबाकी, आणि त्यात लपलेला निर्णय

आता आकडे. प्रति चौरस फूट सरासरी दर असे आहेत असं धरू:

| गट | ऑक्टो. २०१३–सप्टें. २०१५ | ऑक्टो. २०१५–सप्टें. २०१७ | ऑक्टो. २०१७–सप्टें. २०१९ |
|---|---|---|---|
| समाविष्ट ११ गावं | ३,६०० | ४,००० | ४,६०० |
| तुलनेची २३ गावं | २,८८० | ३,२०० | ३,६०० |

शेवटचे दोन रकाने घ्या. समाविष्ट गावांत ६०० रुपये वाढ, तुलनेच्या गावांत ४०० रुपये. फरकातला फरक २०० रुपये. चार हजारांवर दोनशे म्हणजे ५ टक्के, बातमीचा मथळा तयार.

आता तेच आकडे टक्क्यांत पाहा. समाविष्ट गावांत १५ टक्के वाढ, तुलनेच्या गावांत १२.५ टक्के. समावेश झाला नसता तर समाविष्ट गावंही १२.५ टक्क्यांनी वाढली असती असं मानलं, तर तिथला दर ४,५०० झाला असता. झाला ४,६००. म्हणजे परिणाम १०० रुपये, सुमारे २.२ टक्के.

एकच तक्ता, आणि परिणाम निम्म्यावर आला. दोन्ही गणितं बरोबर आहेत, गृहीतकं वेगळी आहेत. पहिलं म्हणतं की धोरण नसतं तर दोन्ही गटांत सारखे रुपये वाढले असते. दुसरं म्हणतं, सारखे टक्के वाढले असते. दोन्ही गटांची सुरुवातीची पातळी वेगळी असेल तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, अपवाद फक्त वाढ शून्य असण्याचा. ‘समांतर कल’ हे डीआयडीचं मुख्य गृहीतक म्हणून पाठ केलं जातं, पण समांतर कोणत्या मापात, हे आधी ठरवावं लागतं.

ते कसं ठरवायचं? तक्त्याच्या पहिल्या रकान्याकडे या. २०१५ मध्ये कोणताही समावेश झालेला नव्हता. म्हणून पहिल्या दोन रकान्यांवर तीच वजाबाकी केली तर उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. रुपयांत पाहू: समाविष्ट गावांत ४००, तुलनेत ३२०, फरक ८० रुपये. धोरण नसताना धोरणाचा परिणाम दिसला, म्हणजे रुपयांचं माप इथे दगा देतंय. टक्क्यांत पाहू: दोन्हीकडे ११.१ टक्के, फरक शून्य. घरांच्या किमती टक्क्यांच्या भाषेत वाढतात हे बाजारातल्या माणसाला पटतंच, आणि इथे जुना काळही तेच सांगतोय. म्हणून पुढचं सगळं काम दराच्या लॉगवर करायचं. लॉगमध्ये फरक घेतला की तो ढोबळमानाने टक्क्यांतला फरक असतो: आपल्या आकड्यांत ०.१४० वजा ०.११८, म्हणजे ०.०२२.

हा निर्णय निकाल पाहण्यापूर्वी, फक्त जुन्या काळावरून घ्या. निकाल पाहून माप निवडलं तर हवा तो आकडा काढता येतो.

समीकरण आणि आज्ञावली

चार सरासऱ्यांचं हेच काम समीकरणात बसवलं की दोन फायदे मिळतात: प्रत्येक गावाची आणि प्रत्येक तिमाहीची स्वतःची पातळी वेगळी धरता येते, आणि फ्लॅटच्या प्रकारातला फरक सांभाळता येतो. पुढचं आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेतलं आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक दस्त. `samavesh` म्हणजे अकरा गावांना १, तेविसांना ०. `timahi` मध्ये ऑक्टोबर–डिसेंबर २०१७ ला ० दिलंय, त्याच्या आधी −१, −२ असं. `navi` म्हणजे बिल्डरकडून पहिली विक्री असेल तर १.

```r
library(fixest)
d <- read.csv("dast.csv")
d$ldar <- log(d$mobadla / d$kshetra)
d$nantar <- as.integer(d$timahi >= 0)

m1 <- feols(ldar ~ samavesh:nantar + log(kshetra) + navi |
              gav + timahi, data = d, cluster = ~gav)
summary(m1)
```

`samavesh:nantar` समोरचा आकडा हेच आपलं उत्तर. `samavesh` आणि `nantar` वेगवेगळे लिहिले नाहीत, कारण गाव आणि तिमाही यांच्या स्थिर पातळ्यांत ते सामावलेले आहेत.

क्षेत्रफळ आणि पहिली विक्री हे घटक घेतले, कारण विकल्या जाणाऱ्या फ्लॅटची जातकुळी बदलली तर सरासरी दर बदलतो, एकाही फ्लॅटची किंमत न बदलता. पण घटक भरताना हात आखडता घ्या. ‘मनपाची नळजोडणी आहे का’ असा रकाना मिळाला तरी तो समीकरणात टाकू नका. जोडणी हा समावेशाचाच परिणाम असेल, तर ती स्थिर धरून तुम्ही मोजायचा परिणामच पुसून टाकता. आता या युक्तिवादाने `navi` वरही शंका घेता येते, कारण समावेशामुळे नवे प्रकल्प वाढले किंवा थांबले असतील. म्हणून तो घटक घेऊन आणि न घेऊन, दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी द्या.

वजनाचा प्रश्न इथे नकळत सुटतो आणि नंतर छळतो. दस्त मोजून समीकरण मांडलं की वाघोलीसारखं मोठं गाव तुलना गटावर राज्य करतं, आणि कोळेवाडी किंवा वडाचीवाडी असून नसल्यासारखी होते. तुम्हाला ‘सरासरी खरेदीदाराला काय झालं’ हे हवं असेल तर ते योग्य आहे. ‘सरासरी गावाला काय झालं’ हे हवं असेल तर आधी प्रत्येक गावाची सरासरी काढा आणि मग गावांना समान वजन द्या.

तिमाहीनिहाय चित्र

एका आकड्यावर समाधान मानू नका. दर तिमाहीला दोन गटांतलं अंतर किती होतं, ते काढा:

```r
m2 <- feols(ldar ~ i(timahi, samavesh, ref = -5) +
              log(kshetra) + navi | gav + timahi,
            data = d, cluster = ~gav)
iplot(m2)
```

तुलनेची तिमाही म्हणून धोरणाच्या लगेच आधीची, म्हणजे −१, घेण्याची पद्धत आहे. इथे ती घेतली नाही. कोणती अकरा गावं घ्यायची हे अधिसूचनेच्या आधीच, २०१७ च्या मध्यापासून ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे −१ आणि −२ मध्ये खरेदीदार आधीच हलले असतील. −४ मध्ये नोटबंदी आहे आणि −३ तिच्या सावलीत. म्हणून जुलै–सप्टेंबर २०१६, म्हणजे −५.

आलेखात काय पाहायचं? ऑक्टोबर २०१७ च्या आधीचे ठिपके शून्याच्या आसपास वरखाली हलत असावेत. ते एका दिशेने चढत जात असतील, तर समाविष्ट गावं आधीच जास्त वेगाने वाढत होती आणि नंतरची चढण त्याचाच पुढचा भाग असू शकतो. फक्त −२ आणि −१ वर गेले असतील तर ती आगाऊ चाहूल समजा, आणि त्या दोन तिमाह्या गाळून मुख्य गणित पुन्हा करा.

आधीचे ठिपके शून्याजवळ आहेत याचा अर्थ समांतर कल सिद्ध झाला असा नाही. गृहीतक नंतरच्या काळाबद्दल आहे, आणि समावेश झाला नसता तर नंतर काय झालं असतं हे कुणीच पाहिलेलं नाही. शिवाय प्रत्येक ठिपक्याची त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ५ टक्के असेल आणि तुम्ही २ टक्क्यांचा परिणाम शोधत असाल, तर आधीचा २ टक्क्यांचा कल त्या मर्यादेत सहज लपून बसतो. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांत गल्लत करू नका.

तुलना गट भ्रष्ट झाला का

पुण्याचा नकाशा समोर ठेवून हे काम करा. उंड्रीला लागून पिसोळी, धायरीला लागून नऱ्हे, लोहगावला लागून वाघोली. दोन शक्यता आहेत आणि त्या विरुद्ध दिशांनी ओढतात. एखाद्या कुटुंबाने पिसोळीचा विचार सोडून ‘मनपात आहे’ म्हणून उंड्री घेतली, तर उंड्रीचा दर वाढतो आणि पिसोळीचा रेंगाळतो, म्हणजे वजाबाकीत एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. उलट मनपाने उंड्रीत रस्ता केला आणि त्याचा फायदा पिसोळीलाही झाला, तर परिणाम कमी दिसतो. तपासण्याचा मार्ग सरळ आहे: हद्दीला चिकटलेली तुलनेची गावं वगळून गणित पुन्हा करा. उत्तर २.२ वरून १ टक्क्यावर घसरलं तर पहिली शक्यता, ४ वर गेलं तर दुसरी. मात्र वगळल्यावर उरलेली गावं शहरापासून दूरची असतात आणि तुलना तेवढी सैल होते, हेही लक्षात असू द्या.

पश्चिमेकडची तीन गावं, सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक, मला या तुलनेत खटकतात. त्यांची मागणी हिंजवडीच्या आयटी उद्यानाशी बांधलेली आहे, आणि आपल्या चौकटीतच, डिसेंबर २०१८ मध्ये, शिवाजीनगर–हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन झालं. समाविष्ट अकरांपैकी एकही गाव त्या बाजूला नाही. मेट्रोच्या आशेने तिथले दर वाढले तर तुलना गटाची वाढ फुगते आणि समावेशाचा परिणाम खोटाच कमी दिसतो. ही तीन गावं मुख्य गणितातूनच वगळावीत असं माझं मत आहे. ती धरून येणारा निकाल पुरवणीत द्या.

समाविष्ट गटातही फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी आहेत. शहराचा कचरा डेपो वर्षानुवर्षं तिथे आहे, आणि पुढे ही दोन गावं मनपातून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. ती काढून उत्तर किती हलतं ते पाहा. खरं तर अकरांपैकी एकेक गाव काढून अकरा वेळा गणित करावं. एका गावाने सगळा निकाल पेलला असेल तर ते तिथे उघडं पडतं.

खात्री किती

इथे सर्वांत जास्त फसगत होते. दस्त समजा तीस हजार आहेत, म्हणून संगणक त्रुटीची मर्यादा इवलीशी दाखवतो आणि निकाल ‘लक्षणीय’ ठरतो. पण धोरण दस्तांना लागू झालं नाही, गावांना लागू झालं. उंड्रीतल्या दोन हजार दस्तांना उंड्रीचे सगळे बरे-वाईट प्रसंग एकत्रच भोगावे लागतात, आणि एका तिमाहीतली तेजी पुढच्या तिमाहीतही टिकते. तुमच्याकडे खरी माहिती ३४ गावांची आहे, त्यातली फक्त अकरा समाविष्ट. बर्ट्रांड, दुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवर खोटे, कधी न झालेले कायदे लावून पाहिले, आणि काळातलं हे सातत्य दुर्लक्षिलं तर अशा खोट्या कायद्यांपैकी ४५ टक्क्यांपर्यंत कायद्यांचा परिणाम ‘लक्षणीय’ निघतो असं दाखवलं. यायला हवा होता ५ टक्के.

वर `cluster = ~gav` लिहिलं, म्हणजे एका गावातले दस्त एक गट धरून त्रुटीची मर्यादा काढायला सांगितलं, ते याचसाठी. तेही अकरा गावांवर पुरेसं पडेल याची खात्री नसते, म्हणून एक साधी, समजायला सोपी कसोटी जोडीला घ्या. प्रत्येक गावाचा एकच आकडा काढा: नंतरचा सरासरी लॉग दर वजा आधीचा. एका गावाला एक ओळ असा `g` नावाचा तक्ता करा, त्यात हा आकडा `badal` रकान्यात आणि शेजारी गावाचा `samavesh` लिहा. मग अकरा ‘समाविष्ट’ पाट्या ३४ गावांत कशाही वाटा, प्रत्येक वेळी फरक काढा, आणि खरा फरक या खोट्या फरकांत कुठे बसतो ते पाहा. पाट्या वाटण्याचे प्रकार २८ कोटींहून जास्त आहेत, दहा हजारांचा नमुना पुरतो.

```r
khara <- with(g, mean(badal[samavesh == 1]) -
                 mean(badal[samavesh == 0]))
khota <- replicate(9999, {
  s <- sample(g$samavesh)
  mean(g$badal[s == 1]) - mean(g$badal[s == 0])
})
(1 + sum(abs(khota) >= abs(khara))) / 10000
```

तीन पश्चिमी गावं वगळली असतील तर `g` मध्ये ३१ ओळी येतील, पद्धत तीच. समजा ९,९९९ खोट्या वाटपांपैकी १,७३९ मध्ये खऱ्याइतका किंवा त्याहून मोठा फरक आला. शेवटचा आकडा ०.१७४. म्हणजे कोणताही परिणाम नसता तरी गावागावांतल्या नेहमीच्या चढउतारामुळेच सहापैकी एका वेळी एवढा फरक दिसला असता. तीस हजार दस्तांवर चमकणारा निकाल इथे साधा होऊन जातो, आणि दोन्हींत हाच जास्त विश्वासाचा.

२०२१ नंतर न्यायचं असेल तर

आता २०२५ पर्यंतची आकडेवारी मिळते, मग ती का सोडायची, असा प्रश्न येईल. गाव आणि तिमाहीच्या पातळ्या धरून, तेविसांनाही २०२१ पासून समाविष्ट मानून, वरचंच समीकरण २०२५ पर्यंत चालवलं, तर ते नकळत एक चूक करतं. २०२१ मध्ये आत आलेल्या तेविसांसाठी ते आधीच आत असलेल्या अकरांना तुलना गट बनवतं. त्या अकरांवर परिणाम अजून वाढत असेल, समजा मिळकतकर टप्प्याटप्प्याने चढतोय आणि नळाचं पाणी हळूहळू पोचतंय, तर ती वाढ तेविसांच्या परिणामातून वजा होते, आणि उत्तराचं चिन्हसुद्धा उलटं येऊ शकतं. तेवीस गावांचा परिणाम मोजायचा तर तोपर्यंत बाहेरच राहिलेली तिसरी गावं शोधून त्यांच्याशी स्वतंत्र डीआयडी करा. शिवाय तो समावेशही त्याच मात्रेचा नाही: गावं मनपात आली तरी त्यांच्या विकास नियोजनाचे अधिकार शासनाने पीएमआरडीएकडेच दिले होते. दोन्ही समावेशांची सरासरी काढून एक आकडा सांगण्यात मला अर्थ दिसत नाही.

अहवालात काय लिहायचं

आपल्या काल्पनिक आकड्यांवरून प्रामाणिक वाक्य असं होईल: ‘ऑक्टोबर २०१७ च्या समावेशानंतरच्या दोन वर्षांत अकरा गावांतले नोंदणीकृत दर, त्याच यादीतल्या पण तेव्हा बाहेर राहिलेल्या गावांच्या मानाने, अंदाजे २.२ टक्क्यांनी जास्त वाढले. गावागावांतला नेहमीचा चढउतार पाहता हा फरक शून्यापासून वेगळा सांगता येत नाही. रुपयांच्या मापात हाच परिणाम ५ टक्के दिसतो, पण २०१३ ते २०१७ च्या काळात ते माप पडताळणीत उतरत नाही.’

त्याखाली आणखी दोन ओळी हव्यात. हा निव्वळ परिणाम आहे: वाढलेला मिळकतकर दरांना खाली ओढतो, रस्ते-पाण्याची अपेक्षा वर ओढते, आणि दरात दोन्ही एकत्रच दिसतात, त्यामुळे २.२ टक्क्यांवरून ‘मनपाने पाणी दिलं’ किंवा ‘नाही दिलं’ यातलं काहीच ठरत नाही. आणि हा परिणाम या अकरा गावांवरचा आहे. वाघोली २०१७ मध्ये आत आली असती तर तिथे काय झालं असतं, हे या गणिताने मोजलेलं नाही.

जोडपत्रात गावनिहाय सरासऱ्यांचा तक्ता, तिमाहीचा आलेख, आणि वगळलेल्या प्रत्येक दस्ताच्या प्रकारासमोर वगळण्याचं कारण द्या. एखाद्या वाचकाला आपलं गाव तुलना गटात बसत नाही असं वाटलं, तर त्याला ते काढून स्वतः वजाबाकी करता आली पाहिजे.